पिच डेकमधील स्लाइड्सचा क्रम आणि गुंतवणूकदाराची प्रश्नसाखळी : एक विवेचन

सारांश

नवउद्योगासाठी भांडवल मागताना गुंतवणूकदारासमोर जे संक्षिप्त सादरीकरण केले जाते, त्यास व्यवहारात ‘पिच डेक’ असे म्हणतात. त्यात कोणत्या स्लाइड्स असाव्यात यासंबंधी अनेक याद्या उपलब्ध आहेत. परंतु त्या कोणत्या क्रमाने याव्यात आणि तोच क्रम का, याचा विचार तुलनेने कमी होतो. प्रत्येक स्लाइड एका प्रश्नाचे उत्तर देते आणि त्याच वेळी दुसरा प्रश्न निर्माण करते. तो दुसरा प्रश्न हीच पुढील स्लाइडची जागा होय, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी एअरबीएनबी या कंपनीच्या प्रारंभीच्या सादरीकरणाचे क्रमशः वाचन केले असून, हेच तत्त्व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका कल्पित प्रकल्पास लावून दाखविले आहे.

बीजसंज्ञा : पिच डेक, स्लाइड्सचा क्रम, प्रश्नसाखळी, बाजारपेठेचा पुरावा, निधीची मागणी.

१. प्रस्तावना

केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ मध्ये विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण जाहीर केले. त्यानंतर अनेक महाविद्यालयांतील प्राध्यापकांकडे विद्यार्थ्यांच्या उद्योगकल्पनांना मार्गदर्शन करण्याचे काम आले. या कामात एक अनुभव वारंवार येतो. विद्यार्थ्यांची कल्पना बरी असते, त्यांनी कष्टही घेतलेले असतात, सादरीकरणात आवश्यक त्या सर्व स्लाइड्स असतात. तरीही परीक्षक किंवा गुंतवणूकदार तिसऱ्या-चौथ्या स्लाइडला थांबवून एक प्रश्न विचारतो. विद्यार्थी उत्तरतात, “ते पुढे नवव्या स्लाइडवर आहे.” वस्तुतः सादरीकरण तेथेच फसलेले असते. उत्तर उपलब्ध होते, पण ते प्रश्नाच्या जागी नव्हते.

गुंतवणूकदाराकडे वेळ किती असतो, याची कल्पना एका अभ्यासावरून येते. डॉकसेंड ही कंपनी आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक टॉम आयझेनमन यांनी २०१५ मध्ये सुमारे २०० नवउद्योगांच्या पिच डेकचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुंतवणूकदार एक डेक वाचण्यास सरासरी ३ मिनिटे ४४ सेकंद देतात, असे त्यात आढळले. एवढ्या अवधीत वाचक मागेपुढे जाऊन उत्तर शोधत बसत नाही. मनात उठलेल्या शंकेचे समाधान लगेच झाले नाही, तर तो ती शंका घेऊनच उरलेल्या स्लाइड्स पाहतो, आणि मग त्या स्लाइड्स कितीही चांगल्या असल्या तरी तिच्या छायेतच वाचल्या जातात.

२. यादी आणि साखळी यांतील भेद

डेकमध्ये काय असावे याविषयी दोन मार्गदर्शने विशेष प्रसिद्ध आहेत. गाय कावासाकी यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार सादरीकरण दहा स्लाइड्सचे व वीस मिनिटांचे असावे आणि अक्षरे तीस पॉइंटपेक्षा लहान नसावीत. सिकोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेच्या आराखड्यात कंपनीचा हेतू, समस्या, उपाय, ‘आत्ताच का’, बाजारपेठेचा आकार, स्पर्धा, उत्पादन, व्यवसायाचे प्रारूप, चमू आणि आर्थिक बाजू असा क्रम दिलेला आहे.

ही मार्गदर्शने उपयुक्त आहेत. पण विद्यार्थी त्यांचा वापर प्रवेश अर्जासारखा करतात. प्रत्येक रकाना भरला की काम संपले, अशी त्यांची समजूत होते. त्यामुळे ‘समस्या’, ‘उपाय’, ‘बाजारपेठ’ अशी शीर्षके येतात, परंतु एक रकाना दुसऱ्याला जोडलेला नसतो. या दोषाची ओळख सोपी आहे. दोन स्लाइड्सच्या आशयामध्ये मनातल्या मनात एक जोडशब्द घालून पाहावा. तेथे केवळ ‘आणि’ बसत असेल तर ती यादी आहे. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल तर तेथे कथन आहे. “शहरातील हॉटेले महाग आहेत, आणि आमचे संकेतस्थळ वापरण्यास सोपे आहे” या वाक्यात ओढ नाही. “हॉटेले महाग आहेत, म्हणून लोक आजही ओळखीपाळखीतून परक्यांच्या घरी उतरतात; पण तशी खोली खात्रीने आरक्षित करण्याची सोय नाही” या वाक्यात पुढे काय, हे ऐकण्याची इच्छा निर्माण होते.

पिच डेकमधील ‘गोष्ट’ ती एवढीच. संस्थापकाच्या बालपणीचा प्रसंग सांगणे म्हणजे गोष्ट नव्हे. ऐकणाऱ्याच्या मनात शंका उत्पन्न व्हावी, तिचे निरसन व्हावे, त्या निरसनातून पुढची शंका उपजावी आणि अखेरीस फक्त एकच प्रश्न शिल्लक राहावा : किती रक्कम हवी आणि ती कशासाठी?

३. एअरबीएनबीच्या डेकचे क्रमशः वाचन

या तत्त्वाचे उदाहरण म्हणून एअरबीएनबीचे सादरीकरण घेता येते. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे एका डिझाइन परिषदेच्या काळात आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांना भाड्याने जागा दिली, तेथून या व्यवसायास आरंभ झाला. पुढे नेथन ब्लेचार्झिक हे तिसरे संस्थापक त्यांना मिळाले. कंपनीचे तेव्हाचे नाव ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’ असे होते. मार्च २००९ मध्ये ते लहान करण्यात आले. जुन्या नावाने केलेले चौदा स्लाइड्सचे सादरीकरण पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाले. त्याच्या दोन प्रती प्रचलित असून त्यांतील काही आकडे भिन्न आहेत. क्रम मात्र मुख्यतः सारखाच आहे.

३.१ समस्येपासून पुराव्यापर्यंत

पहिल्या स्लाइडवर नाव आणि एक वाक्य आहे. हॉटेलऐवजी स्थानिक लोकांच्या घरी खोली आरक्षित करा, असा त्याचा आशय. हा व्यवसाय नेमका कशाचा, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मिळते. लगेच प्रश्न येतो : याची गरज कोणाला आहे? दुसऱ्या स्लाइडवर तीन बाबी आहेत. प्रवाशाला दराची चिंता असते; हॉटेलात राहणारा शहरापासून व तेथील संस्कृतीपासून तुटलेला राहतो; आणि स्थानिकाच्या घरी खोली घेण्याचा किंवा स्वतः यजमान होण्याचा सुलभ मार्ग उपलब्ध नाही. तिसऱ्या स्लाइडवर उपाय आहे : जागा भाड्याने देण्याघेण्याचे संकेतस्थळ. त्याचे तीन लाभ सांगितले आहेत. पाहुण्याचे पैसे वाचतात, यजमानाला पैसे मिळतात आणि दोघांत सांस्कृतिक देवघेव होते. समस्येच्या स्लाइडवर पैसा, संस्कृती आणि यजमान हे तीन धागे होते. उपायाच्या स्लाइडने तेच उचलले. समस्येत जे नाही ते उपायात येऊ नये, हा नियम येथे पाळलेला दिसतो.

येथपर्यंतचा क्रम कोणत्याही डेकमध्ये सापडेल. महत्त्वाचे वळण चौथ्या स्लाइडवर आहे. आराखड्यांची सवय असलेला लेखक येथे बाजारपेठेचा आकार सांगेल. पण परक्याच्या घरात झोपण्याची कल्पना ऐकल्यावर सामान्य माणसाच्या मनात बाजारपेठेचा आकार येतच नाही. ‘असे कोण करील?’ हा प्रश्न येतो. चौथ्या स्लाइडने त्याचेच उत्तर दिले. काउचसर्फिंग या संकेतस्थळाचे सहा लाखांहून अधिक सदस्य आणि क्रेगलिस्टवर एका आठवड्यात आलेल्या तात्पुरत्या निवासाच्या हजारो जाहिराती, असे दोनच आकडे तेथे आहेत. हे आकडे कंपनीचे स्वतःचे नाहीत. कंपनीकडे त्या वेळी दाखविण्यासारखा मोठा ग्राहकवर्ग नव्हता. तिने इतरांच्या ग्राहकांचे वर्तन पुरावा म्हणून मांडले : लोक हे आधीच करीत आहेत, फक्त गैरसोयीने करीत आहेत.

हा पुरावा आकाराच्या आधी येणे निर्णायक ठरते. तो नंतर आला असता तर पाचव्या स्लाइडवरील कोट्यवधींचे आकडे वाचणाऱ्याला हास्यास्पद वाटले असते. वर्तन अविश्वसनीय वाटत असताना त्याची बेरीज कितीही मोठी केली तरी ती अविश्वसनीयच राहते.

३.२ आकारापासून उत्पन्नापर्यंत

लोक असे करतात हे मान्य झाले की पुढचा प्रश्न येतो : असे लोक किती? पाचव्या स्लाइडवर एकात एक सामावणारी तीन वर्तुळे आहेत. एका प्रतीनुसार जगात २०० कोटींहून अधिक सहलींची आरक्षणे होतात. त्यांतील ५६ कोटी स्वस्त दराच्या व इंटरनेटवरून होणाऱ्या आहेत. आणि त्यांच्या १५ टक्के, म्हणजे ८ कोटी ४० लाख सहली कंपनी मिळवू पाहते. दुसऱ्या प्रतीत हा वाटा सुमारे २ टक्के, म्हणजे १ कोटी ६ लाख सहली इतकाच आहे.

आता उत्पादनाची स्लाइड येते. शहर शोधा, खोल्यांची यादी पाहा, आरक्षण करा, अशा तीन पायऱ्या पडद्यांच्या चित्रांसह दाखविल्या आहेत. ती तिसऱ्या स्लाइडनंतर लगेच का आली नाही? कारण ‘हे चालते कसे?’ हा प्रश्न रस उत्पन्न झाल्यानंतरचा आहे. तंत्रज्ञ संस्थापकांचा मोह नेहमी उलट असतो. त्यांना उत्पादन प्रथम दाखवावेसे वाटते. येथे उत्पादनाचा उपयोग पुढच्या प्रश्नाची पायरी म्हणून केला आहे. तिसरी पायरी आरक्षणाची आहे. आरक्षण म्हणजे पैशांची देवघेव. म्हणून सातवी स्लाइड व्यवसायाच्या प्रारूपाची. प्रत्येक व्यवहारावर १० टक्के दलाली, एवढे एक वाक्य आणि त्याखाली गुणाकार.

३.३ प्रसारापासून चमूपर्यंत

उत्पन्नाचा गुणाकार पाहिल्यावर ऐकणारा विचारतो : एवढे ग्राहक येणार कोठून? आठव्या स्लाइडवर मोठे उत्सव व मेळावे, प्रवासविषयक संकेतस्थळांशी भागीदारी आणि क्रेगलिस्टवर एकाच वेळी जाहिरात टाकण्याची सोय असे तीन मार्ग दिले आहेत. यांतील उत्सवांचा मार्ग नेमका आहे, कारण उत्सवकाळात शहरातील हॉटेले भरून जातात आणि परक्याच्या घरी राहण्याचा संकोच गरजेपुढे मागे पडतो. हे मार्ग खुले असतील तर इतरही ते वापरतील, म्हणून नवव्या स्लाइडवर स्पर्धा आहे. तेथे स्वस्त-महाग आणि ऑनलाइन-ऑफलाइन व्यवहार अशा दोन अक्षांवर प्रतिस्पर्धी मांडले आहेत. रिकामा कोपरा दिसल्यावर, तो टिकविणार कसा, हा प्रश्न येतो. दहावी स्लाइड त्यासाठी. टिकविणार कोण, यासाठी अकरावी स्लाइड चमूची. त्यानंतर वृत्तपत्रांतील उल्लेख व ग्राहकांचे अभिप्राय, आणि अखेरीस निधीची मागणी.

शेवटून दुसऱ्या व तिसऱ्या स्लाइडविषयी मतभेद संभवतो. ग्राहकांचे अभिप्राय हा पुरावाच होय; तो चौथ्या स्लाइडजवळ असता तर अधिक परिणामकारक ठरला असता, असे म्हणता येईल. चमूनंतर ऐकणाऱ्याच्या मनात ‘लोक काय म्हणतात?’ हा प्रश्न नसतो; त्याला रक्कम जाणून घ्यायची असते. साखळी येथे थोडी सैल झाली आहे. प्रसिद्ध नमुन्यातही असा दोष असू शकतो, हे विद्यार्थ्यांना दाखवून देणे हितकारक आहे. अन्यथा ते नमुन्याची नक्कल करतात.

४. स्लाइड्सना बांधणारा आकडा

क्रम योग्य असूनही साखळी तुटते ती बहुधा आकड्यांच्या विसंगतीमुळे. या डेकमध्ये एक लहान आकडा तीन स्लाइड्सना बांधून ठेवतो. ८० डॉलर दराने तीन रात्रींचे भाडे २४० डॉलर होते. त्याची दहा टक्के दलाली २४, म्हणजे ढोबळमानाने २५ डॉलर. सातव्या स्लाइडवर ८ कोटी ४० लाख सहलींना याच २५ने गुणून २१० कोटी डॉलर उत्पन्न दाखविले आहे. सहलींचा आकडा पाचव्या स्लाइडवरून आलेला आहे. चौदाव्या स्लाइडवर पाच लाख डॉलरची मागणी असून बारा महिन्यांत ८०,००० सहलींचे उद्दिष्ट आहे. त्याला पुन्हा २५ने गुणले की २० लाख डॉलर उत्पन्न येते, आणि तेच तेथे लिहिलेले आहे.

त्यामुळे मागणीची स्लाइड स्वतंत्र घोषणा राहत नाही; आधी मान्य झालेल्या गोष्टींचा ती निष्कर्ष ठरते. ऐकणाऱ्याला नवा आकडा पचवावा लागत नाही. त्याने सातव्या स्लाइडवर २५ डॉलर मान्य केले असतील, तर चौदाव्या स्लाइडवर त्याला फक्त एकाच गोष्टीबद्दल प्रश्न विचारता येतो : वर्षभरात ८०,००० सहली शक्य आहेत काय? संस्थापकांना ज्या प्रश्नावर चर्चा हवी आहे तोच प्रश्न शेवटी उरतो.

५. क्रमाच्या मर्यादा

या उदाहरणावरून, चांगल्या क्रमामुळे निधी मिळतोच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चेस्की यांनी २०१५ मध्ये स्वतः प्रसिद्ध केल्यानुसार, २००८च्या उन्हाळ्यात त्यांची सिलिकॉन व्हॅलीतील सात गुंतवणूकदारांशी ओळख करून देण्यात आली होती. १५ लाख डॉलर मूल्यांकनावर दीड लाख डॉलर उभारण्याचा प्रयत्न होता. पाच जणांनी नकार कळविला. दोघांनी उत्तरच दिले नाही. नकारांच्या कारणांत, हे क्षेत्र आमच्या कक्षेत येत नाही आणि बाजारपेठ पुरेशी मोठी वाटत नाही, अशी कारणे होती. पहिल्या प्रकारच्या कारणावर कोणत्याही स्लाइडचा उपाय चालत नाही. तेथे गुंतवणूकदाराची निवडच चुकलेली असते. दुसऱ्या प्रकारचे कारण मात्र साखळीच्या आत येते. ‘असे किती लोक?’ या प्रश्नाचे समाधान झाले नव्हते, असा त्याचा अर्थ.

पुढे २००९ मध्ये सिकोयाने या कंपनीत गुंतवणूक केली. त्या संस्थेचे भागीदार ग्रेग मॅकॅडू यांनी सुट्टीतील भाड्याच्या घरांच्या व्यवसायाचा आधीच अभ्यास केलेला होता. म्हणजे ‘असे कोण करील?’ आणि ‘असे किती?’ या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे तयारच होती. प्रश्नसाखळी ऐकणाऱ्यागणिक बदलते, हे येथे स्पष्ट होते. त्या क्षेत्राशी अपरिचित माणसाला जो पुरावा आवश्यक असतो, तो जाणकारापुढे वेळ घालवितो.

या डेकमध्ये दोन प्रश्न अनुत्तरितही राहिले आहेत. ‘आत्ताच का?’ या प्रश्नास स्वतंत्र स्लाइड नाही. २००८च्या आर्थिक संकटामुळे अनेक घरमालकांना अतिरिक्त उत्पन्नाची निकड भासत होती, ही गोष्ट तेथे मांडता आली असती. दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. परका माणूस घरात काय करील, ही यजमानाची भीती कोणत्याही स्लाइडने सरळ हाताळलेली नाही. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका यजमानाच्या घराची पाहुण्याने नासधूस केल्याचे प्रकरण गाजले आणि त्यानंतर कंपनीला यजमानांसाठी नुकसानभरपाईची हमी जाहीर करावी लागली. डेकमध्ये न विचारला गेलेला प्रश्न व्यवहारात विचारला गेलाच. म्हणून क्रमाचा उपयोग अवघड प्रश्न टाळण्यासाठी करू नये. कथनाच्या ओघात शंका दडपता येते, पण ती तेवढ्या बैठकीपुरतीच.

६. तत्त्वाचे उपयोजन : एक कल्पित प्रकल्प

आता हेच तत्त्व महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास लावून पाहू. प्रकल्प व त्यातील आकडे कल्पित आहेत. समजा, नाशिक परिसरातील एका महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी द्राक्षबागेसाठी एक यंत्र तयार केले आहे. पान किती वेळ ओले राहिले, तापमान किती होते, याची नोंद घेऊन ते केवडा रोगाचा धोका शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळविते. धोका नसेल तेव्हा फवारणी टाळता यावी, हा हेतू.

त्यांच्या पहिल्या मसुद्यात महाविद्यालयाचा परिचय, चमू, संवेदकाची रचना, विद्युत मंडल, मोबाइल ॲप, भारतातील शेतीचा आकार, समस्या, स्पर्धा, बागेतील चाचणी आणि मागणी असा क्रम आहे. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न, ‘हे कोणासाठी?’, सातव्या स्लाइडपर्यंत अनुत्तरित राहतो. भारतातील एकूण शेतीचा आकडा तर कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही, कारण हे यंत्र गहू किंवा कापूस पिकविणाऱ्यासाठी नाही.

नव्या क्रमाची सुरुवात सर्वांत मोठ्या शंकेच्या शोधाने करावी. येथे ती शंका तंत्रज्ञानाची नाही. पाऊस व दव पडण्याच्या दिवसांत बागायतदार धोका पत्करण्यापेक्षा फवारणी करून मोकळा होतो. तेव्हा ‘यंत्राच्या भरवशावर फवारणी टाळण्याचे धाडस तो करील काय?’ ही खरी शंका होय. म्हणून नाव, समस्या आणि उपाय यांच्या पाठोपाठ चौथ्या जागी बागेतील चाचणी यावी. सहा बागांत शेजारशेजारच्या दोन तुकड्यांवर एका हंगामात किती फवारण्या झाल्या आणि रोग किती आला, एवढेच त्यात दाखवावे. पाचव्या जागी, या सहांपैकी किती जण पुढील हंगामासाठी पैसे मोजण्यास तयार झाले, हे सांगावे. त्यानंतर अशा बागा किती, यंत्र चालते कसे आणि उत्पन्न कसे येते, हे ओघाने येते.

प्रसाराच्या स्लाइडवर एक नाजूक प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी सहज लिहितात की यंत्र कृषी सेवा केंद्रांमार्फत विकले जाईल. परंतु त्या दुकानदाराचे उत्पन्न औषधांच्या विक्रीवर असते. विक्री कमी करणारे यंत्र तो का विकील? जाणकार गुंतवणूकदार हा प्रश्न विचारणारच. त्याचे उत्तर त्याच स्लाइडवर असावे. युरोपला निर्यात होणाऱ्या द्राक्षांमध्ये औषधांच्या अंशाची मर्यादा पाळावी लागते, त्यामुळे फवारण्या कमी होण्यात निर्यातदाराचे हित आहे. म्हणून पहिली विक्री निर्यातदारांशी जोडलेल्या बागायतदारांना. येथे प्रश्नानेच व्यवसायाची दिशा बदलली. क्रम लावताना केवळ मांडणी सुधारते असे नाही. कल्पनेतील कच्चे दुवेही उघडे पडतात.

मागणीच्या स्लाइडवर आकड्यांची साखळी तपासावी. समजा, यंत्राचा उत्पादनखर्च १५,००० रुपये आहे आणि शेतकऱ्याकडून वर्षाला ६,००० रुपये घ्यायचे आहेत. विद्यार्थ्यांनी अठरा महिन्यांत ५०० यंत्रे बसविण्यासाठी ३० लाख रुपये मागितले आहेत. पण ५०० यंत्रांना केवळ उत्पादनासाठीच ७५ लाख रुपये लागतात. मागणी आणि उद्दिष्ट यांचा मेळ बसत नाही, आणि हे बैठकीत दुसऱ्याने दाखवून दिले तर आधीच्या सर्व स्लाइड्सवरील विश्वास डळमळतो. उद्दिष्ट १०० यंत्रांचे ठेवले तर उत्पादनास १५ लाख लागतील आणि उरलेले १५ लाख बसविणे, दुरुस्ती व वेतन यांसाठी राहतील. शिवाय १५,००० रुपयांचा खर्च वर्षाला ६,००० प्रमाणे भरून निघण्यास अडीच वर्षे लागतात. यंत्र बागेत ऊनपावसात तीन हंगाम टिकेल काय, हा प्रश्न त्यातून अपरिहार्यपणे निघतो. त्याचे उत्तर उत्पादनाच्या स्लाइडवर हवे.

चमूची स्लाइड येथे शेवटाकडे ठेवणे योग्य. विद्यार्थ्यांचा पूर्वानुभव हे त्यांचे बलस्थान नसते; त्यांनी केलेली चाचणी हे असते. याउलट, एखादी औषधनिर्मितीची कल्पना असेल आणि ‘हे यांना जमेल काय?’ हीच पहिली शंका असेल, तर चमू दुसऱ्या जागीही आणता येतो. जागा ठरविणारी गोष्ट शंका होय, आराखडा नव्हे.

७. क्रमाची चाचणी

क्रम बरोबर लागला आहे की नाही, हे संगणकासमोर बसून कळत नाही. त्यासाठी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या, शक्यतो दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याची मदत घ्यावी. त्याला एकेक स्लाइड दाखवावी, कोणतेही स्पष्टीकरण देऊ नये आणि प्रत्येक स्लाइडनंतर मनात आलेला एकच प्रश्न कागदावर लिहावयास सांगावे. अखेरीस त्या प्रश्नांची यादी स्लाइड्सच्या यादीशेजारी ठेवावी. तिसऱ्या स्लाइडनंतरच्या प्रश्नाचे उत्तर चौथीवर असेल तर दुवा पक्का आहे. उत्तर आठवीवर असेल तर ती स्लाइड वर आणावी. उत्तर कोठेच नसेल तर नवी स्लाइड हवी. आणि एखादी स्लाइड कोणाच्याच प्रश्नाचे उत्तर देत नसेल, तर ती कितीही कष्टाने तयार केलेली असली तरी परिशिष्टात टाकावी. वरील प्रकल्पातील विद्युत मंडलाची स्लाइड याच प्रकारची आहे. एखाद्याने विचारले तर ती काढून दाखविता येते.

दुसरी चाचणी शीर्षकांची. ‘बाजारपेठ’ हे शीर्षक विषय सांगते, उत्तर सांगत नाही. त्याऐवजी ‘निर्यातक्षम बागांपासून सुरुवात’ असे पूर्ण विधान लिहिले, तर केवळ शीर्षके सलग वाचूनही कथन समजते. ईमेलने पाठविलेल्या डेकला याची विशेष आवश्यकता असते, कारण तेथे बोलणारा माणूस हजर नसतो. प्रत्यक्ष सादर करावयाचा आणि वाचण्यासाठी पाठवावयाचा डेक यांचा क्रम एकच असावा. फरक फक्त मजकुराच्या प्रमाणात असावा.

८. निष्कर्ष

पिच डेकचा क्रम हा ऐकणाऱ्याच्या शंकांचा क्रम आहे. एअरबीएनबीच्या उदाहरणात बाजारपेठेच्या आकाराआधी आलेला वर्तनाचा पुरावा आणि तीन स्लाइड्सना बांधणारा २५ डॉलरचा आकडा, या दोन गोष्टींनी साखळी उभी राहिली. सुरक्षिततेचा प्रश्न सुटला, तो मात्र पुढे व्यवहारात भोवला. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी तयार आराखडा हाती देण्याआधी, ‘तुमची कल्पना ऐकून अनोळखी माणूस पहिली शंका कोणती घेईल?’ हा एक प्रश्न लिहून आणावयास सांगावा. त्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांजवळ असेल, तर स्लाइड्सचा क्रम लावणे फारसे अवघड जात नाही. ते नसेल, तर त्यांना स्लाइड्स करण्याआधी पुन्हा बागेत जाणे आवश्यक आहे.